सुमिदा नदीच्या फोटोवरून उकियो-ए पद्धतीची लाकडी ठशांची प्रिंट: पाण्याचं काय करू?

शलाका_निशीकसाई
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा सविस्तर हवाय. टोकियोत राहते, इथे आल्यापासून लाकूड कोरायला शिकतेय, पोस्टकार्ड साइजच्या प्रिंट बऱ्याच झाल्यात पण सगळ्या पानं, फळं, मांजरी अशाच. आता नदी करायचीय. फोटो माझाच आहे, ओनागी नदी जिथे सुमिदाला येऊन मिळते तिथे कवी बाशोचा पुतळा असलेली छोटी बाग आहे, तिथून संध्याकाळी काढलेला. समोर किओसुबाशी, म्हणजे 1928 चा तो निळा झुलता पूल, मागे उंच इमारती, उजवीकडे आकाश गुलाबी होत चाललेलं, आणि पुढे जवळजवळ अर्धा फोटो नुसतं पाणी. एक कंदील लावलेली याकाताबुने बोट पण आलीय मध्यात.

A4 मापाच्या शिना प्लायवूडच्या तीन पाट्या आणल्यात, दोन्ही बाजू वापरता येतात. मला हवंय ते जुन्या जपानी प्रिंटसारखं, सपाट रंगांचे पट्टे, ठळक बाह्यरेषा आणि नक्षीसारख्या लाटा. अडलंय ते पाण्यात. फोटो पोस्टराइझ करून बघितला तर इमारती छान सपाट होतात पण नदीचे हजार तुकडे होतात, नुसती ठिगळं. आणि लाटा होकुसाईच्या मोठ्या लाटेसारख्या नखं काढलेल्या करायच्या का? अजून काही कोरलेलं नाहीये, म्हणून आत्ताच विचारतेय.

पिक्सेलपंत
सोप्पं आहे, आधी गॉशियन ब्लर मारा मग पोस्टराइझ 4 लेव्हल, मग एज डिटेक्ट करून तो लेयर मल्टिप्लायमध्ये वर टाका, बाह्यरेषा आपोआप येतात. लाटांचा पॅटर्न ब्रश फुकट मिळतो, तो मास्क करून नदीवर टाका. 10 मिनिटांचं काम आहे, फाइल पाठवा मी करून देतो.

शलाका_निशीकसाई
पंत, आभार, पण मला स्क्रीनवरचं चित्र नकोय हो, खरंखुरं लाकूड कोरून कागदावर छापायचंय. ब्लर आधी मारायचा हे मात्र करून बघते, तुकडे कमी होतील.

प्रिंटमेकर_दादर
मी लिनो आणि एचिंग करतो बरीच वर्षं. माझं मत, फार ठसे करू नका. तीन रंग पुरे. फिकटाकडून गडदाकडे जायचं आणि काळ्या रेषेचा ठसा अगदी शेवटी, म्हणजे खालची सगळी रंगांची गडबड तो झाकून टाकतो. रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची ठेवा, 2 मिमीच्या खाली जाऊ नका, तुटते. रोलरने तेलाची शाई लावा, एकसारखा सपाट रंग मिळेल.

ओलाकागद
दादरकर, लिनोसाठी तुमचं सगळं बरोबर आहे, आणि फिकटाकडून गडदाकडे हेही इथे चालतं. पण या पद्धतीत रेषेचा ठसा परंपरेने सगळ्यात पहिला छापतात. रंग पाण्यातले आणि पारदर्शक असतात, त्यामुळे ते वर आले तरी काळी रेषा खालून स्वच्छ दिसते. आणि पहिली छापायचं खरं कारण असं की बाकीचा प्रत्येक रंग त्या रेषेला बघून जुळवता येतो. तेलाच्या शाईने सपाट रंग येईल हो, पण तो कागदावर बसतो. इथे रंग ओल्या कागदाच्या आत जातो, आणि पट्टा हळूहळू विरत नेणं, ज्याला बोकाशी म्हणतात, ते रोलरला जमत नाही.

शलाका, आता तुमच्या पाण्याचं. पोस्टराइझ केलं की सॉफ्टवेअर उजेड मोजतं. नदीवरचा उजेड दर हातभर अंतरावर बदलतो, म्हणून तुकडे होतात, आणि ब्लरने ते फक्त मोठे होतील. जुन्या चित्रकारांनी पाण्यावरचा उजेड काढलाच नाहीये. त्यांनी पाण्याची खोली आणि प्रवाहाची दिशा काढली. म्हणून फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि चमचम पूर्ण विसरून फक्त तीन गोष्टी हाताने काढा: पाणी कुठे सुरू होतं, कुठे गडद होतं, आणि कुठल्या बाजूला वाहतं.

तुम्ही जिथे उभ्या होतात तिथून वरच्या अंगाला पुढचाच पूल शिन-ओहाशी. हिरोशिगेने 1857 मध्ये अचानक आलेल्या पावसात त्या पुलावरून पळणारी माणसं काढली, व्हॅन गॉगने पुढे ज्याची नक्कल केली तेच चित्र. नदी तीच, तुमचीच. ते चित्र उघडून पाण्याकडे बघा, एक लाट नाहीये. सपाट निळा आणि त्यात गडद होत जाणारा पट्टा, बस. हिरोशिगेची पाणी काढायची पहिली सवय हीच होती.

होकुसाईची ती मोठी लाट समुद्राची आहे, वादळातली. ती नखं सुमिदावर लावलीत तर पुलाखाली त्सुनामी आल्यासारखं दिसेल. नदीसाठी त्याच्याच फुजीच्या मालिकेतलं काजिकाझावाचं चित्र बघा, खडकावर उभा राहून फुजी नदीत दोऱ्या टाकणारा कोळी, जवळपास सगळं निळ्यात. त्यात पाण्याच्या रेषा लांब आणि समांतर आहेत, खडकाजवळ येऊनच त्या वळतात आणि फुटतात. म्हणजे अडथळा आहे तिथे नक्षी, मोकळं आहे तिथे शांत. तुमच्या फोटोत अडथळे दोनच, पुलाचे खांब आणि बोट.

तळ्यातमळ्यात
वाचतेय, मस्त चाललंय. एक प्रश्न, ती खवल्यांसारखी अर्धगोलांची लाटांची नक्षी असते ना, सेइगाइहा, ती का नाही वापरायची? ती तर एकदम जपानी दिसते आणि शलाकाला नक्षीदार लाटाच हव्यात की.

ओलाकागद
वापरता येते, पण ती मुळात कापडावरची, भांड्यांवरची नक्षी आहे, तिच्यात जवळ-लांब काही नसतं, सगळे अर्धगोल एकाच मापाचे. पूल लहान होत मागे जातोय आणि पाणी मात्र भिंतीवरच्या वॉलपेपरसारखं उभं, असं होतं. माझ्या डोळ्याला खटकतं.

तळ्यातमळ्यात
पण खटकणं हाच त्यातला मजेचा भाग नाही का? उकियो-ए मध्ये खोली सगळीकडे कुठे असते, किमोनोवरची नक्षी तर घड्या न मानता सपाटच असते बऱ्याचदा. मी तर म्हणते शलाकाने अगदी पुढच्या काठाला एक पट्टा सेइगाइहाचा करावाच.

ओलाकागद
किमोनोचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. नदीसाठी मी तरी करणार नाही, पण चित्र त्यांचं आहे.

शलाका_निशीकसाई
बापरे, काजिकाझावा इतक्यांदा बघितलंय पण रेषा फक्त खडकापाशी फुटतात हे आज दिसलं. मग ठशांची वाटणी कशी करू? सहा बाजू आहेत माझ्याकडे. आणि पुलाच्या उभ्या दांड्या खूप आहेत, त्या सगळ्या काळ्या रेषेत कोरायच्या म्हणजे हात मोडतील.

ओलाकागद
मी असं करेन. पहिली बाजू रेषांची: पुलाची मुख्य झुलती साखळी, खांब, बोट, जवळचा काठ. लांबच्या इमारतींना रेषा देऊच नका, फक्त रंगाचे ठोकळे. रेषा जवळच्याला आणि लांबच्याला नाही, इतक्यानेच हवा आल्यासारखी वाटते मध्ये. जाडीसुद्धा एकसारखी नको, बोटीच्या खालच्या कडेला जाड, वर छपराला बारीक.

दुसरी बाजू फिकट निळी, अख्खी नदी, आणि ती थोडी वर इमारतींच्या खालीही जाऊ द्या. तिथे रेषा नाहीये ना, दोन रंग नुसते कडेला कड लावून ठेवलेत तर मध्ये कागदाची पांढरी फट दिसणार, फिकट रंग गडदाच्या खाली सरकवला की फट उरत नाही. जिथे काळी रेषा आहे तिथे मात्र रंगाची कड रेषेच्या बरोबर मध्यावर आणून थांबवा, म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तरी रेषा ते पोटात घेते.

तिसरी बाजू मधला निळा, नदीचा जवळचा दोन-तृतीयांश भाग, आणि तुमच्या लाटा यातच. रेषा उंच ठेवून आजूबाजूचं कोरायचं नाही, उलट पट्ट्यातच गोल पटाशीने चर पाडायचे. चर छापले जात नाहीत, त्यातून खालचा फिकट निळा दिसतो. पुलाकडे रेषा जवळजवळ, तुमच्या पायाशी येईपर्यंत विरळ, आणि अगदी लांबच्या तिसऱ्या भागात एकही नाही. खांबापाशी दोन-तीन रेषा फाकवा आणि बोटीच्या मागे परत जुळू द्या. एक लक्षात ठेवा, हे चर पांढरे दिसणार नाहीत. पांढरा फेस हवा असेल तर तीच जागा दोन्ही निळ्या ठशांत कोरावी लागते, आणि बारीक रेषा दोन ठशांवर तंतोतंत जुळवणं फार अवघड. फिकट निळ्यावर समाधान माना.

चौथी बाजू इमारतींचा करडा, पाचवी पुलाचा निळा. उभ्या दांड्या या पाचव्या ठशात घ्या, काळ्यात नाही, आणि तीनातली एकच ठेवा, डोळा बाकीच्या भरून काढतो. सहाव्या बाजूला आकाशाची गुलाबी बोकाशी, खाली त्याच पाटीवर कंदिलांचे चार ठिपके, दोन्ही इतके लांब आहेत की एकाच ठशावर वेगवेगळे रंग सहज लावता येतात. शेवटी तिसरा ठसा पुन्हा वापरायचा, फक्त पायाशी गडद निळी बोकाशी द्यायला. सगळ्या पाट्यांवर लाकडाची शीर आडवी ठेवा, पाण्याच्या रेषा आडव्या आहेत. शिरेच्या आडव्या दिशेने कोरलेली बारीक रेष प्लायमध्ये चुरा होऊन पडते.

गोदाकाठ
माझी अडचण वेगळीच आहे. नाशकात राहतो, पुरातल्या गोदावरीचा फोटो आहे, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात. आमच्याकडे पाणी किती चढलं हे त्या मारुतीवरूनच सांगतात सगळे. पाणी चहाच्या रंगाचं आणि सुसाट. ते निळं केलं तर आमच्या घरचे तरी ओळखणार नाहीत की ही गोदा आहे. तपकिरी उकियो-ए असते का?

ओलाकागद
निळा सक्तीचा नाहीये हो. तो बाहेरून आलेला प्रशियन ब्लू 1830 च्या आसपास जपानात मुबलक आणि परवडणारा झाला म्हणून त्या काळची निसर्गचित्रं इतकी निळी दिसतात, त्याआधी निळा इतका सढळ नव्हता. तुम्ही गेरूसारखा लोह-ऑक्साइडचा रंग घ्या, पहिला पट्टा अगदी पातळ पिवळसर, वर तपकिरी. तुमच्याकडे नक्षीला खरी जागा आहे, पाणी मारुतीवर आदळतंय तिथे नखंसुद्धा शोभतील. आणि आपल्याकडच्या विषयांवर हे काम झालेलं आहे, योशिदा हिरोशी 1930 च्या सुमारास भारतात फिरून गेला, ताजमहाल, वाराणसीचे घाट, शिवाय अजिंठा आणि वेरूळसुद्धा त्याने लाकडी ठशांत छापलंय. रंग बघायला ती चित्रं शोधा.

गोदाकाठ
अजिंठा-वेरूळ?! हे माहीतच नव्हतं. शोधतो लगेच.

प्रिंटमेकर_दादर
ओलाकागद, रेषा पहिली छापायचं कारण पटलं. पण काळीच का? मोठ्या लाटेच्या चित्रात रेषा निळी आहे, नीट बघितली तर. संध्याकाळच्या नदीला काळी रेषा फार कडक होईल असं मला वाटतं.

ओलाकागद
हे तुमचं अगदी खरं आहे, तिथे रेषा गडद निळीच आहे. शलाका, दोन्ही छापून बघा, ठसा तोच, रंग बदलायला काही लागत नाही.

शलाका_निशीकसाई
परत आले. कोरून झालं. रेषांचं चित्र पातळ कागदावर काढून पालथं चिकटवलं, मागून कागद बोटाने चोळून सोलला आणि तेलाचा हलका हात फिरवला की रेषा आरपार दिसायला लागल्या, उलटं काढायची कटकटच नाही. मग त्या ठशाच्या प्रती, कागद दरवेळी त्याच जागी बसवायच्या कोपऱ्यातल्या केंतोच्या खुणांसकट, बाकीच्या बाजूंवर चिकटवून रंग कोरले.

पण छापताना दोन भानगडी आहेत. एक, पुलाचा निळा उजवीकडे अगदी रेषेत बसतो आणि डावीकडे जाईपर्यंत जवळजवळ 1 मिमी बाहेर सांडतो. केंतो उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे. मी केंतो परत कोरू का? दुसरं, नदीचा फिकट निळा सपाट येत नाहीये, सगळीकडे पांढरे बारीक ठिपके.

प्रिंटमेकर_दादर
केंतो सरकलाय, दुसरं काय. परत कोरा. ठिपक्यांसाठी प्रेसमधून काढा, जोर कमी पडतोय.

ओलाकागद
थांबा, केंतोला हात लावू नका अजून! केंतो चुकला असता तर अख्खा पूल एकाच दिशेने आणि सगळीकडे सारखाच सरकला असता. तुमच्याकडे केंतोपाशी जुळतंय आणि लांब जाऊ तसं वाढत जातंय, म्हणजे कागदाचं माप बदललंय. रेषा छापली तेव्हा कागद जास्त ओला होता, पुलापर्यंत येताना वाळून आखडला, आणि ठसा मात्र तेवढाच राहिला. सगळे कागद आदल्या संध्याकाळी ओलवा, एक ओला एक कोरडा असे रचून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर वजन ठेवा, रात्रभरात ओल सारखी पसरते. छापताना एकेकच बाहेर काढा, बाकीचे झाकलेले. एका बैठकीत संपत नसेल तर गुंडाळी फ्रीझरमध्ये टाका, बुरशी धरत नाही आणि ओलही टिकते. भारतात पावसाळ्यात करणाऱ्यांनी तर हे करावंच, ओला कागद दोन-तीन दिवसांत काळे ठिपके धरतो.

आधी एक तपासणी करा. वाळलेल्या प्रिंटवर आणि ताज्या ओल्या प्रिंटवर पुलाची लांबी पट्टीने मोजा. फरक निघाला तर कागदच दोषी. नाही निघाला तर पाटी वाकलीय का बघा, प्लाय एका बाजूने ओला झाला की धनुष्यासारखा वळतो.

पांढरे ठिपके: जोर हे एक कारण, दादरकर बरोबर आहेत, पण पहिलं बघायचं ते ठशाकडे. ब्रश फिरवल्यावर पाटी तिरकी धरून बघा, ओलसर एकसारखी चमक हवी. कोरडे मॅट डाग दिसले तर लाकूड पाणी पितंय. सुरुवातीच्या काही प्रती तशाच फिक्या येतात, लाकूड भिजेपर्यंत, त्या बाजूला टाकायच्या. मग रंगात तांदळाची खळ दाण्याएवढी ठशावरच टाकून ब्रशने रंगाबरोबर मिसळा. खळ जास्त झाली तर ठिपके जातात पण ब्रशच्या रेघा उमटतात, मग ती कमी करा. शेवटी बारेन, म्हणजे कागद मागून घासायची चकती, कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन टाकून लहान वर्तुळांत. एकदा गडद छापण्यापेक्षा पातळ रंगाने दोनदा छापा, नदीसारख्या मोठ्या पट्ट्याला हेच लागू पडतं.

शलाका_निशीकसाई
मोजलं. ओल्यात आणि वाळलेल्यात पुलाच्या लांबीत फरक निघाला, 1 मिमीच्या आसपासच! केंतो वाचला. आता कागद ओलवून ठेवलेत. बोकाशीबद्दल पण सांगा ना, माझी गुलाबी आकाशात एकदम कापल्यासारखी संपते.

ओलाकागद
कड कापल्यासारखी येते म्हणजे ठसा कोरडा आहे. रंग लावायच्या आधी त्या भागावर पिळलेलं ओलं फडकं फिरवा, जिथे गुलाबी विरायला हवा तिथे जास्त. रुंद ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग, थोडी खळ, आणि ब्रश आडवा, एकाच ओळीत मागेपुढे, वरखाली अजिबात नाही. रंग ब्रशच्या केसांतूनच हळूहळू पातळ होत दुसऱ्या टोकाला जातो. पाण्याचं तळं झालं तर कागदावर डाग पसरेल, मग कोरड्या फडक्याने टिपून घ्या. तुमचा गुलाबी उजवीकडून डावीकडे विरायला हवाय का वरून खाली? फोटोत सूर्य उजवीकडे आहे म्हणालात.

तळ्यातमळ्यात
जुन्या चित्रांत तर आकाशाचा पट्टा नेहमी वरच्या कडेलाच आडवा असतो ना?

ओलाकागद
बहुतेक वेळा वर एक आडवा गडद पट्टा आणि क्षितिजाशी दुसरा, हो. सूर्य कुठे आहे याची फारशी पर्वा नसते. तसंच करायचं असेल तर गुलाबी क्षितिजाला, इमारतींच्या डोक्यामागे, आणि वरच्या कडेला निळा. उजवीकडून विरवलंत तर चित्र फोटोच्या जास्त जवळ जाईल.

शलाका_निशीकसाई
आडवाच करते, नदीच्या पट्ट्यांना समांतर. आणि रेषेचं: काळी आणि गडद निळी दोन्ही छापल्या. निळ्यात पाणी छान लागतं पण बोट हरवते, काळ्यात बोट उठून दिसते आणि पूल जड होतो. एकाच ठशावर बोटीला काळा आणि पुलाला निळा लावला तर?

प्रिंटमेकर_दादर
लावा की, दोन छोटे ब्रश घ्या. मधल्या काठाच्या रेषेवर दोन्ही रंग मिसळतील तेवढं सांभाळा.

गोदाकाठ
शलाकाताई, छापून झाली की फोटो टाका नक्की. ओलाकागद, मला अजून एक विचारायचंय, शिना प्लाय इथे मिळत नाही, सुताराकडचा साधा प्लाय चालेल का मारुतीला?

ओलाकागद
व्यावसायिक प्लाय चालत नाही, वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो आणि ओला झाला की फुगून उचकटतो. सुताराकडून बारीक शिरेच्या घट्ट लाकडाची फळी रंधा मारून गुळगुळीत करून घ्या. पाण्याचा थेंब टाकून बघा, रोवा उभा राहिला तर बारीक पॉलिशपेपर मारून परत थेंब टाका, राहीनासा झाला की कोरायला घ्या.